नवीन मुलाचे कॉल ऐकतो, समजावतो, तो "हो सर" म्हणतो आणि सोमवारी पुन्हा तेच

पत्र्यावरचं_ऊन

सांगली भागात घरांवर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी फोनवरच्या टीमचा लीड आहे. जाहिरात बघून लोक नंबर देतात, आमची मुलं त्यांना फोन करतात आणि साइट व्हिजिट ठरवतात. पुढचा सौदा आमचा इंजिनियर घरी जाऊन करतो.

अलीकडेच एक मुलगा घेतलाय, त्याला इथे बंड्या म्हणू. आवाज छान, मेहनती, उद्धट अजिबात नाही. दर शनिवारी संध्याकाळी मी त्याचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकतो, एक्सेलच्या १८ रकान्यांत गुण भरतो आणि मग तासभर त्याला एकेक चूक समजावतो. तो वहीत लिहून घेतो, "हो सर" म्हणतो, आणि सोमवारी जसाच्या तसा.

एका कॉलचा तुकडा देतो, म्हणजे कल्पना येईल.

ग्राहक: तीन किलोवॉटला किती पडेल?
बंड्या: सर, तीन किलोवॉटचे एक लाख नव्वद हजार. त्यातून सबसिडी अठ्ठ्याहत्तर हजार वजा, म्हणजे तुम्हाला फक्त एक लाख बारा हजार. सर, आपले पॅनल भारतीय बनावटीचे आहेत, पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे, इन्व्हर्टर पण... (इथून पुढे पावणेदोन मिनिटं एकटाच)
ग्राहक: बरं बरं. मुलाशी बोलतो मी.
बंड्या: चालेल सर, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं पाठवून ठेवतो.

संपला कॉल. असे दिवसाला डझनभर. काय करावं?

गच्चीमालक

तीन किलोवॉटला १ लाख ९० जास्त नाही का हो? माझी गच्ची ४०० चौरस फूट आहे, पण एका बाजूला नारळाची सावली येते. बसेल का?

जुना_खेळाडू

ह्या सगळ्या कोचिंगबिचिंगची फॅशन आता आली. आम्हाला पहिल्या दिवशी स्क्रिप्ट दिली होती, पाठ कर म्हणाले. पाठ झाली नाही तर जेवायला सुट्टी नाही. बंड्याला चांगली दोन पानी स्क्रिप्ट लिहून द्या आणि घोकून घ्या. सुधारेल नाहीतर जाईल.

आकडेमोड

कॉल ऐकत बसण्यापेक्षा बोलण्याचं प्रमाण मोजा. विक्रेत्याने ४० टक्के बोलावं, ग्राहकाने ६०. तुमच्या डायलरमध्ये ते आपोआप निघत असेल. बंड्याला रोज त्याचा आकडा दाखवा आणि खाली आणायला सांगा. जे मोजलं जातं ते सुधारतं.

हेडफोनवाली

फोनवरच्या टीम तयार करणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकडेमोड, तुमचं अर्धं बरोबर. बंड्या जास्त बोलतो हे खरंच आहे. पण "कमी बोल" ही सूचना त्याला कॉलमध्ये नेमकी कुठे वापरायची तेच कळत नाही. मी असे आकडे लावलेल्या टीम पाहिल्यात. पोरं प्रमाण गाठायला नुसती गप्प बसतात, ग्राहक म्हणतो "हॅलो, आहात का?" आकडा सुंदर दिसतो आणि व्हिजिट तेवढ्याच राहतात.

ऊन, तुमच्याकडे माल भरपूर आहे, पण तुम्ही १८ गोष्टी एकदम देताय. शिवाय शनिवारी. सोमवारी सकाळी पहिला फोन लागतो तेव्हा त्याच्या डोक्यात १८ पैकी एकही नसते, कारण फोन चालू असताना माणसाला आठवण्याइतकी सवडच नसते. ग्राहकाच्या तोंडून शब्द आला की तोंडातून उत्तर निघून गेलेलं असतं. म्हणून सूचना अशी हवी की ती ग्राहकाच्या एखाद्या ठरावीक शब्दाला बांधलेली असेल. तो शब्द ऐकू आला की हे करायचं, बस.

तुमच्या तुकड्यात अशा दोन जागा मला दिसतात. एक "किती पडेल", दुसरी "मुलाशी बोलतो". तुम्ही यातली कुठली धराल?

पत्र्यावरचं_ऊन

दुसरी. "मुलाशी बोलतो" म्हणजे निर्णय मुलाचा. तिथेच मुलाचा नंबर घ्यायला हवा होता, किंवा दोघं घरी असतील अशी वेळ. व्हिजिट तिथेच हातची गेली.

हेडफोनवाली

नुकसान तिथे दिसतं, मान्य. पण मी पहिली धरेन, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. "मुलाशी बोलतो" दिवसात दोन-तीनदा येत असेल. "किती पडेल" जवळपास प्रत्येक कॉलला येतं. सवय बदलायची तर सरावाला जागा भरपूर लागते. दुसरं असं, की पहिल्या जागी नीट बोलणं झालं तर घरात कोण ठरवतं ते पुष्कळदा आपोआप बाहेर येतं.

आता त्या जागी काय झालं ते बघा. ग्राहकाने किंमत विचारली आणि बंड्याने ती सांगून टाकली. तीन किलोवॉट हा आकडा मात्र ग्राहकाने जाहिरातीतून उचललेला होता. त्याचं बिल किती, घर स्वतःचं की सोसायटी, गच्ची रिकामी आहे का, यातलं काहीच माहीत नसताना बंड्याने भाव दिला. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरली तर तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. त्या माणसाचा वापरच दीडशे युनिटचा असेल तर तो नको तेवढ्याचा भाव ऐकून पळाला.

गच्चीमालक

मध्येच बोलतो, रागावू नका. मी नुकतंच एका ठिकाणाहून कोटेशन घेतलं (नाव नको). त्या मुलाने फोनवर अगदी हेच सांगितलं होतं, "सबसिडी जाऊन एवढे पडतील". घरी माणूस आला तेव्हा कळलं की आधी पूर्ण रक्कम आपण भरायची, सबसिडी नंतर आपल्या बँक खात्यात जमा होते. बायकोने त्याला चहा पाजून परत पाठवला.

हेडफोनवाली

गच्चीमालक, तुम्ही विषयाबाहेर बोलताय असं वाटून बोललात, पण मुद्द्यावरच आलात. (सावलीचं इंजिनियरलाच विचारा. नारळ दुपारी गच्चीवर सावली टाकत असेल तर फरक पडतो.)

ऊन, एक विचारते. बंड्याने ठरवलेल्या व्हिजिटपैकी ऐनवेळी रद्द होणाऱ्या, किंवा इंजिनियर हात हलवत परत येतो अशा किती असतात? इतरांपेक्षा जास्त?

पत्र्यावरचं_ऊन

जास्त. बऱ्याच जास्त. इंजिनियर मला सांगतो की "तुमचा पोरगा एक बारा म्हणाला होता" हे वाक्य त्याला घरोघरी ऐकावं लागतं. मी ते इंजिनियरचं रडगाणं समजत होतो.

हेडफोनवाली

म्हणजे एकाच वाक्यात दोन दुखणी आहेत. बिल न विचारता भाव, आणि सबसिडी आधीच वजा करून भाव. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्याला ७८ हजार असं ते गणित आहे, पण पैसे येतात काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. "फक्त एक बारा" हा आकडा ग्राहकाच्या खिशातून पहिल्या दिवशी जाणाऱ्या रकमेचा नाहीच.

टाळाटाळही करायची नाही. "ते व्हिजिटला सांगू सर" म्हटलं की माणूस चिडतो. उत्तर द्यायचं, पण छोटं, आणि लगेच प्रश्न. साधारण असं: "तीनचे पावणेदोन ते दोन लाख होतात, सबसिडी नंतर तुमच्या खात्यात येते. पण तुम्हाला तीन लागेलच असं नाही, ते बिलावर ठरतं. मागच्या महिन्यात किती युनिट आली?" दहा-बारा सेकंद. मग गप्प.

हे वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. त्याच्याकडून काढा. जुने खेळाडू यांचं एवढं मात्र बरोबर, की फोनची सुरुवात (नाव, कंपनी, कशासाठी फोन केला) पाठच असावी, तिथे विचार करायला लावू नये. पण मधल्या उत्तराचं पाठांतर ग्राहकाला लगेच कळतं.

नवखा२४

मी बंड्याच्या जागेवरचा आहे, दुसऱ्या धंद्यात. आमचे सर कॉल सगळ्या टीमसमोर लावतात. पहिल्या वाक्यालाच सगळे हसतात. त्यानंतर सर काय म्हणतात ते मला खरंच ऐकूच येत नाही. मी "हो सर" म्हणतो म्हणजे ते लवकर संपावं म्हणून म्हणतो. बंड्याचं पण तसं असू शकतं.

पत्र्यावरचं_ऊन

मी एकट्याला घेऊनच बसतो, टीमसमोर नाही. पण तासाभरात तो किती बोलतो असं विचाराल तर "हो सर" सोडून फारसं नाही.

आकडेमोड

मग प्रमाण तुमचंच मोजायला हवं की. बंड्या ग्राहकाशी जे करतो तेच तुम्ही बंड्याशी करताय. 🙂

बॅगवाली

मी औषध कंपनीत एरिया मॅनेजर आहे. आमच्याकडे रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. एमआरबरोबर जॉइंट वर्किंगला जायचं, डॉक्टरच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी उभं राहायचं. त्यात मी असले की पोरगा वेगळा वागतो. शिवाय डॉक्टर दीड मिनिट देतात, त्यात तो अडखळला तर मीच बोलून टाकते. मग बाहेर येऊन त्याला काय सांगणार? हे सगळं तिथे कसं लावायचं?

हेडफोनवाली

बॅगवाली, तुमच्याकडे येते, आधी ऊन यांचं पूर्ण करते.

बसणं वीस मिनिटांचं ठेवा आणि शक्यतो सकाळी, फोन सुरू करायच्या आधी. आदल्या संध्याकाळी त्याला सांगा, तुझ्या कालच्या कॉलपैकी "किती पडेल" आलेला एक निवड आणि ती जागा कितव्या मिनिटाला आहे ते लिहून ठेव. म्हणजे ऐकण्याचं पहिलं काम तो स्वतः करतो. सकाळी तेवढाच तुकडा लावा, मिनिट-दीड मिनिट. सबंध कॉल लावलात की तुमचा हात त्या १८ रकान्यांकडे जाणारच.

"किती पडेल" आलं की थांबवा आणि विचारा, "हा माणूस किंमत का विचारतोय?" थांबा. तो "माहीत नाही सर" म्हणेल. तरी थांबा. कुणी बिल वाढलंय म्हणून विचारतो, कुणी शेजाऱ्याने बसवलं म्हणून, कुणी नुसताच. हे त्याने म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग कुठला आहे ते कसं कळेल?" इथे "बिल विचारून" हे उत्तर पोरांना स्वतःहून येतं. फार क्वचित येत नाही.

मग तुम्ही ग्राहक व्हा. तो त्याच्या शब्दांत बोलेल, पहिल्यांदा वाईटच बोलेल. पाच-सहा वेळा करा आणि दर वेळी वेगळा ग्राहक व्हा. एक म्हणतो "बिलाचं काय करायचंय, भाव सांग". एक म्हणतो "बिल भाडेकरू भरतो". एक म्हणतो "दुकान आहे", तिथे ही घरगुती सबसिडी लागूच नाही. लाजेल, हसेल, पण तोंडाला वळण इथेच लागतं. आणि उठल्याबरोबर लगेच खरे फोन. पहिल्या तीन-चार कॉलना शेजारी बसा, मध्ये बोलू नका.

संध्याकाळी त्याने दोन रेकॉर्डिंग पाठवायची, एक जमलेलं, एक फसलेलं. तुम्ही फक्त एवढंच मोजायचं की "किती" आलेल्या कॉलपैकी कितीत त्याने भाव थोडक्यात सांगून बिल विचारलं. बाकी सगळं त्या आठवड्यात दिसलं तरी गिळायचं. सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

जुना_खेळाडू

आणि तरी नाही बदलला तर?

हेडफोनवाली

मग कुठे अडतंय ते बघायचं. तुमच्यासमोर खोट्या ग्राहकाशीही जमत नसेल तर सराव कमी पडलाय. खोट्या ग्राहकाशी जमतं पण खऱ्याशी नाही, तर भीती आहे, त्याला वाटतंय की प्रश्न विचारला की माणूस फोन ठेवेल. तेव्हा त्याचाच असा एखादा कॉल शोधून ऐकवा ज्यात प्रश्न विचारूनही माणूस बोलत राहिला. आणि सकाळी जमतं, दुपारनंतर सुटतं असं असेल तर दमणूक, नाहीतर टार्गेट. ऊन, त्याचं टार्गेट काय आहे?

पत्र्यावरचं_ऊन

दिवसाला ७० कॉल. इन्सेंटिव्ह ठरलेल्या व्हिजिटवर.

हेडफोनवाली

ठरलेल्या की झालेल्या?

पत्र्यावरचं_ऊन

ठरलेल्या. रद्द झाली तरी मोजली जाते. सिस्टीम तशीच आहे.

हेडफोनवाली

मग त्याला "फक्त एक बारा" म्हणायचे पैसे मिळताहेत. स्वस्त आकडा सांगितला की माणूस "या बघायला" म्हणतो, बंड्याची व्हिजिट लागते, फटका इंजिनियरला. तुम्ही वीस मिनिटं एक सांगणार आणि पगाराची चिठ्ठी महिनाभर दुसरं सांगणार. मालकांशी बोला.

पत्र्यावरचं_ऊन

बोलून पाहिलं. मालक म्हणतात, झालेल्या व्हिजिटवर पैसे दिले तर इंजिनियर आजारी पडला त्याचा भुर्दंड पोरांना का? त्यांचं म्हणणंही अगदी चूक नाही. तूर्त एवढंच झालंय की बंड्याचं कॉलचं टार्गेट पंधरवड्यापुरतं ५० केलं.

गच्चीमालक

एक शंका. तुम्ही आमचे फोन रेकॉर्ड करता हे आम्हाला सांगता का? मला तरी कुणी कधी सांगितलं नाही.

पत्र्यावरचं_ऊन

सुरुवातीला टेप वाजते, "हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होऊ शकतो". पण मुलं स्वतःच्या मोबाइलवरून परत फोन करतात तेव्हा नाही वाजत.

आकडेमोड

मोबाइलवालं बंद करा. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, संमतीचा विषय आहे. कंपनीच्या वकिलाला विचारून घ्या, फोरमवर विचारायची गोष्ट नाही.

हेडफोनवाली

बॅगवाली, तुमची अडचण वेगळी आहे. रेकॉर्डिंग नाही म्हणजे तुम्ही म्हणाल ते आणि तो म्हणेल ते, वाद घालायला पुरावा नाही. म्हणून केबिनबाहेर आल्यावर मत सांगू नका, शब्द सांगा. डॉक्टर म्हणाले "मी दुसरं लिहितो", तू म्हणालास "ओके सर, सॅम्पल ठेवतो". एवढंच, जसंच्या तसं, लगेच वहीत टिपलेलं. पुढचं त्याला म्हणू द्या. आणि आत जाण्याआधी ठरवून घ्या की आज तो अडखळला तरी तुम्ही बोलणार नाही. एखादा कॉल वाया गेला तर जाऊ दे, पण सगळ्यात मोठ्या डॉक्टरकडे हा प्रयोग नको.

बॅगवाली

न बोलणं मला जमेल असं वाटत नाही. महिन्याचा आकडा माझ्याही डोक्यावर आहे. कमी महत्त्वाच्या डॉक्टरांकडे करून बघते.

पत्र्यावरचं_ऊन

थोडे दिवस करून पाहिलं, म्हणून लिहितोय. "हा माणूस किंमत का विचारतोय" यावर बंड्या बराच वेळ गप्प होता, मी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग म्हणाला, "सर, मला वाटतं भाव ऐकून ते ठेवतील, म्हणून मी एका दमात सगळं सांगतो." हे मला इतक्या शनिवारांत कळलं नव्हतं.

त्याचं वाक्य असं निघालं: "दोन लाखांच्या आत बसतं काका, सबसिडी मागाहून तुमच्या खात्यात. पण आधी सांगा, लाइट बिल किती येतंय?" माझ्यापेक्षा बरंच आहे. सकाळच्या कॉलना बहुतेक वेळा विचारतो, दुपारनंतर निम्म्या वेळा. एका बाईंनी बिल सांगता सांगता सांगितलं की घर सासूबाईंच्या नावावर आहे आणि मीटरही. ते आधी कधीच कळलं नसतं.

पण नवीन घोळ झालाय. आता तो सगळ्यांनाच बिल विचारतो. काल एका माणसाने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मला साडेतीन हजार बिल येतं." दोन मिनिटांनी भाव विचारल्यावर बंड्या म्हणतो, "काका, लाइट बिल किती येतंय?" माणूस म्हणाला, "अहो आत्ताच सांगितलं ना!"

जुना_खेळाडू

हा हा! स्क्रिप्ट पाठ करायला हेच म्हणत होतो तेव्हा मला शिव्या दिल्यात.

हेडफोनवाली

शिव्या नाही दिल्या, निम्मं मान्य केलं होतं. 🙂

ऊन, हे होतंच, घाबरू नका. नवीन सवय आधी आंधळी असते. ओरडलात तर प्रश्न विचारणंच बंद करेल. तोच तुकडा त्याला ऐकवा आणि तिथेच थांबवा, "आत्ताच सांगितलं ना" वर. त्याला स्वतःला हसू येईल. मग सरावात तुम्ही असे ग्राहक व्हा जे बिल आधीच सांगून टाकतात, आणि त्याने तोच आकडा परत वापरायचा: "साडेतीन हजार म्हणालात, म्हणजे वर्षभर तेवढंच येतं की उन्हाळ्यात?" कागदावर ग्राहकाचे आकडे लिहायची सवय आहे का त्याला?

पत्र्यावरचं_ऊन

नाही, तो सीआरएममध्ये कॉल संपल्यावर भरतो.

हेडफोनवाली

मग पुढचा आठवडा तेवढाच. समोर वही, ग्राहक आकडा बोलला की तो लिहायचा. "मुलाशी बोलतो" अजून काढू नका.

नवखा२४

ऊन सर, तुमच्याकडे जागा आहे का अजून एक?